एकंदरीत चांगल्या आहेत

हॉस्पिटलच्या इमारत विभागात साहेबांना समोर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘एकंदरीत’. लिफ्ट अडकली, नळ फुटला, जिन्याचा कठडा हलायला लागला, काहीही झालं तरी साहेब आधी घसा खाकरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्या भिंतीला मुलाखत दिल्यासारखे सुरू व्हायचे, “बघा, एकंदरीत कसं असतं…” ते कसं असतं हे आजवर कुणाला कळलेलं नव्हतं. तिथवर ऐकायला कुणी थांबतच नसे.

अशा माणसाकडे पाटीवाल्या बाईंनी शिफारसपत्र मागितलं, यावरूनच त्यांची अडचण ओळखावी.

बाई पूर्वी साहेबांच्या हाताखाली होत्या. कुठे एक्स-रे, कुठे रक्ततपासणी हे सांगणाऱ्या पाट्यांचं काम त्यांच्याकडे. नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सुटली. नव्या गावी बरेच दिवस फुटकळ कामांवर काढले. आता तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात याच कामाची कायमची जागा निघाली होती. मुलाखत छान झाली होती, पण आधीच्या वरिष्ठांचं पत्र आल्याशिवाय नेमणूक नाही, असं तिथल्या अधीक्षक डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि वरिष्ठ म्हणायला जगात एकच माणूस.

बाईंनी फोनवर आडपडदा ठेवला नाही. “साहेब, मी गोड स्वभावाची होते असं लिहू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही. कामाचं लिहा. काय अडलं होतं, मी काय केलं, मग काय बदललं.” आठवायला सोपं जावं म्हणून त्यांनी मुद्देही पाठवले.

पहिलाच मुद्दा बाणांचा होता. साहेबांना मिरच्या झोंबल्या.

कारण बाण साहेबांचे होते. बाई येण्याआधी हॉस्पिटलभर पाट्या त्यांनी स्वतः लावून घेतल्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, फिक्या निळ्या, आणि जिथे भिंत मोकळी दिसेल तिथे, छताच्या जरा खाली. शोभा यावी म्हणून. एक्स-रेच्या पाटीवर ‘सरळ जा’ या अर्थाने वर टोक केलेला बाण होता. लोक सरळ जायचे नाहीत, शेजारच्या जिन्याने वर जायचे. वर धोबीखाना होता. मुरगळलेला पाय घेऊन, दोन नातेवाइकांच्या खांद्यांवर लोंबकळत माणसं चादरींच्या ढिगाऱ्यापाशी पोचायची आणि फोटो कुठे काढतात म्हणून विचारायची. धोब्यांनी वैतागून दारावर खडूने ‘एक्स-रे खाली’ असं लिहिलं. साहेबांनी ते विद्रूप दिसतं म्हणून पुसायला लावलं.

बाईंनी ते सगळे बाण काढले. म्हणजे बाईंचं कौतुक करायचं तर आधी घोळ सांगावा लागणार, आणि घोळ घालणारा तर पेन घेऊन टेबलाशी बसलेला.

साहेबांनी वाट काढली. घरी बायकोसमोर उभं राहून, आवाजात जरा कंप आणून त्यांनी मसुदा वाचला. “सदर बाई कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ असून एकंदरीत चांगल्या आहेत. सोपवलेली कामे त्यांनी माझ्या मार्गदर्शनाखाली समाधानकारकरीत्या पार पाडली. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “छान आहे. पण हे बाईंबद्दल आहे की आपल्या मिक्सरबद्दल?”

“मिक्सर मनमिळाऊ नसतो,” साहेब दुखावून म्हणाले.

“मग बाई तरी कुठे होत्या?”

साहेबांनी पत्र तसंच पाठवलं. आठवड्याभराने घरीच फोन आला. डॉक्टरीणबाईंचा आवाज नाडी बघितल्यासारखा थंड होता. पत्र मिळालं, वाचलं, त्यात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरे उमेदवार आहेत आणि त्यांच्या पत्रांत कामं आहेत. या बाई मुलाखतीत आवडल्या होत्या, पण नुसत्या आवडण्यावर जागा देता येत नाही. आज निकाल लावायचा आहे. साहेबांनी घसा खाकरला, चष्मा वर सरकवला, “बघा, एकंदरीत…”

“ते राहू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांच्याबरोबर काम करताना त्रास काय झाला, ते सांगा.”

त्रास! हा शब्द ऐकला आणि साहेबांचा घसा जन्मात पहिल्यांदा न खाकरता मोकळा झाला.

“अहो, त्रास म्हणजे काय! आल्या आल्या महिनाभर एक पाटी केली नाही. नुसत्या दाराशी उभ्या राहायच्या आणि वाट चुकणाऱ्यांच्या मागे फिरायच्या. माणूस जिथे थबकला, तिथे जमिनीवर चिकटपट्टीची फुली. माझा अख्खा व्हरांडा फुल्याफुल्यांचा केला. मी म्हटलं, पाटी मोकळ्या भिंतीवर शोभते. तर म्हणे, पाटी फुलीपाशीच लागेल. तिथे भिंत नव्हती तर छतावरून टांगली! माझा वरचा बाण उपटला, लोक जिना चढतात म्हणे. माझं ‘क्ष-किरण विभाग’ काढून नुसतं ‘एक्स-रे’ केलं. मी नाही म्हटलं तर मला चाकाच्या खुर्चीत बसवून फिरवलं आणि म्हणाल्या, आता वाचा तुमची पाटी. मान आखडली माझी. बरं, छापायच्या आधी सगळ्या पाट्या कागदाच्या लावून बघितल्या, पुन्हा पुन्हा बदलल्या. आणि एवढं करून काय, चौकशीच्या खिडकीवरची मुलगी विणकाम करायला लागली. विचारायलाच कुणी येईना. शेवटी तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवावं लागलं, तो ताप वेगळा.”

पलीकडे बराच वेळ पेनाचा आवाज येत होता.

“हेच लिहून पाठवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजच. आणि ते मनमिळाऊ काढा.”

साहेब फोन हातात घेऊन तसेच बसले. इतकी मनापासून निंदा केली आणि तिची शिफारस झाली! लिहिलं नाही तर बाईंची जागा गेली, लिहिलं तर आपली अब्रू गेली. त्यांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने नको म्हणावं. तिने कागद पुढे सरकवला.

“‘आधीच्या पाट्यांत काही कारणास्तव त्रुटी होत्या’, एवढं पुरे,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले. “कुणी लावल्या ते कशाला?”

“नका लिहू. त्यांना कळलंय.”

“कसं?”

“अहो, माझा बाण, माझा व्हरांडा, माझं क्ष-किरण. मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.”

साहेबांनी निमूट सगळं उतरवलं. फुल्या, टांगलेली पाटी, कागदाच्या चाचण्या, रिकामी खिडकी. खुर्चीच्या जागी ‘वरिष्ठांचे मत पटले नाही तर त्या प्रात्यक्षिक दाखवतात’ असं आलं. शेवटी मात्र पेन अडलं, आणि सवयीने ‘हे सर्व माझ्या मार्गदर्शनाखाली’ असं उमटायला लागलं.

“तुम्ही नेमकं काय केलंत त्यात?” बायकोने विचारलं.

साहेबांनी खूप आठवलं. “चिकटपट्टीचा खर्च मंजूर केला.”

“मग तेवढं लिहा.”

पत्राचं शेवटचं वाक्य असं गेलं: ‘चिकटपट्टीच्या खर्चास मी मंजुरी दिली होती.’

बाईंना जागा मिळाली. त्यांनी फोन करून सांगितलं, की साहेबांनी आपल्याला इतकं नीट पाहिलं होतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून साहेब कॅन्टीनमध्ये चष्मा कपाळावर ठेवून सांगत सुटले, की शिफारसपत्र ही एक कला आहे, एकंदरीत ती सगळ्यांना जमत नाही.

हे औषध भांडाराच्या बाबूंनीही ऐकलं. तेही दुसरीकडे अर्ज करत होते आणि डॉक्टरीणबाईंच्या फोनची हकीगत पाटीवाल्या बाईंकडून त्यांना आधीच कळली होती. साहेबांनी त्यांना प्रेमाने समोर बसवलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली, “सदर बाबू कष्टाळू, प्रामाणिक…”

बाबूंनी खिशातून पेन काढलं.

“ते नंतर, साहेब. आधी माझ्याबद्दल जरा मन मोकळं करून तक्रार करा. मी लिहून घेतो.”