पाठीवरचे डाग

ओरोसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात सरला लिपिक होती. फाईल हाताळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी तिच्या टेबलावर जी फाईल आली, तिच्यावर आरोपीचं नाव वाचून मात्र तिने पेन खाली ठेवलं. मितेश.

सहा वर्षांपूर्वी तिचा भाऊ चंदन मारला गेला, तेव्हा आरोपी हाच होता. त्या खटल्यात सरकारी पक्षाच्या कुणीतरी टिपणात ‘मृत्यू रात्री आठ वाजता’ असं ठणकावून लिहिलं होतं. डॉक्टरांनी तसं कुठेच म्हटलं नव्हतं. उलटतपासणीत मृत्यू आठच्या सहा तास आधी किंवा नंतरही झाला असू शकतो, हे डॉक्टर मान्य करून बसले आणि आठच्या वेळी मितेश सावंतवाडीत असल्याचं त्याच्या वकिलांनी दाखवून दिलं. मितेश हसत कोर्टाबाहेर पडला. ते हसणं सरलाने एक दिवसही विसरू दिलं नव्हतं स्वतःला.

आता तारकर्लीच्या एका लॉजवर राखण करणारा गणपत काजूच्या बागेत मेलेला सापडला होता. तीन आठवडे झाले होते, आणि मितेशच्या जामीन अर्जाची सुनावणी चार दिवसांवर आली होती.

ती सरळ सरकारी वकील सदानंद सरांकडे गेली. “सर, हा माझ्या भावाच्या केसमधला आहे.”

“मग ही फाईल तुमच्याकडे नको, सरलाताई.”

“द्या, सर. माझा शब्द न शब्द मूळ अहवालाशी ताडून बघा. एक अक्षर जास्त सापडलं तर काढून घ्या.”

त्यांनी फाईल तिच्याकडे सरकवली. “प्रत्येक ओळ तपासीन,” ते म्हणाले.

घरी आईला कळलं, तेव्हा ती पाटावरून उठलीच. “तेका सोडू नको गो, सरला! माझो झील, माझो चंदन खाल्ल्यान तेनी.”

सरला वैद्यकीय अहवालाचं टिपण लिहायला बसली. शवविच्छेदन बारा तारखेला सकाळी साडेअकराला सुरू झालेलं. डोक्याच्या डाव्या बाजूला पाच सेंटीमीटरची फाटलेली जखम, खाली कवटीला तडा, मेंदूवर रक्तस्राव. मृत्यूचं कारण डोक्याला झालेली इजा. मृत्यू तपासणीच्या साधारण बारा ते चोवीस तास आधी.

गणपत अकरा तारखेला संध्याकाळी सातला मितेशसोबत दिसला होता. सरलाने लिहिलं, ‘मृत्यू सातच्या सुमारास.’ ते वाक्य बघून तिला गोड वाटलं. मग चंदनच्या फाईलमधलं ते ‘आठ वाजता’ तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिने दातओठ खात ते खोडलं. ह्या वेळी त्याला फट ठेवायची नाही.

तिने लिहिलं, ‘अकरा तारीख, सकाळी साडेअकरा ते रात्री साडेअकरा, अंदाजे.’ खाली डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादा: हवेच्या तापमानाची नोंद नाही, पोटातल्या अन्नावरून नेमकी वेळ सांगता येत नाही, व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयव, राखून ठेवला आहे, हत्यार दाखवलेलं नसल्यामुळे त्याबाबत मत नाही.

मग ती एका ओळीवर थांबली. मृत्यूनंतर खालच्या बाजूला साकळणारं रक्त पाठीवर पक्कं बसलेलं, असं अहवालात होतं. तिने घटनास्थळाचा पंचनामा काढला. सकाळी साडेसहा, शव पालथं, पाठीवर जांभळे डाग. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये होते आणि कुणीच शेजारी ठेवले नव्हते. स्वतःचं मत न घालता तिने दोन्ही नोंदी एकाखाली एक उतरवल्या आणि लिहिलं, ‘डॉक्टरांचा अभिप्राय घ्यावा.’

सरांनी टिपण दोनदा वाचलं. त्याच दिवशी त्यांनी तपास अधिकाऱ्यांना फोन केला. डॉक्टरांचं लेखी उत्तर आलं: शव काही तास उताणं राहिलं आणि नंतर पालथं केलं गेलं असावं. किती तास, ते नेमकं सांगता येणार नाही.

मितेशचा सगळा भरवसा तारकर्लीपासून खूप लांब, वैभववाडी स्टेशनवर रात्री दहाला त्याला टिपलेल्या कॅमेऱ्यावर होता. शव मागाहून बागेत आणून टाकलं असावं, ह्या शंकेने पोलिसांनी आता पहाटेचं चित्रण शोधलं. साडेचारला त्याचा टेम्पो तारकर्लीच्या रस्त्याला वळताना दिसला. टेम्पोच्या फळीत सापडलेलं रक्त पुढे गणपतचंच निघालं. जामीन फेटाळला गेला.

खटल्यात त्याच्या वकिलांनी डॉक्टरांना विचारलं, “मृत्यू रात्री अकराला झाला असणं शक्य आहे?”

“शक्य आहे.”

अकरापर्यंतची शक्यता आणि शव पहाटे टेम्पोतून आणल्याचा पुरावा, दोन्ही सदानंद सरांनी आधीच कोर्टापुढे मांडलं होतं. त्यात फट पाडायला जागा उरलीच नव्हती.

जन्मठेप झाली. पोलीस त्याला गाडीकडे नेत होते, तेव्हा सरला वाटेत उभी राहिली.

“माका वळखलंस काय रे?”

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ओळख पटली नाही.

“चंदनाची भयण मी.”

मितेशचं तोंड उतरलं. ते नीट, मनसोक्त बघून घेऊन ती बाजूला झाली. दया आली नाही, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.