आईच्या खर्ड्याची दोन शीर्षकं

आई गेली तेव्हा तिच्या स्वयंपाकाच्या चॅनलवर टाकायचा एकच व्हिडिओ उरला होता, हिरव्या मिरचीच्या खर्ड्याचा. मी शीर्षक दिलं, ‘आईच्या हातचा खर्डा’. धाकट्या भावाला हवं होतं ‘आईचा शेवटचा खर्डा’. मी त्याला वाट्टेल ते बोलले. मेलेल्या आईवर गिऱ्हाईक गोळा करतोस का, इथपर्यंत.

शेवटी आईच्याच पद्धतीनं ठरवायचं ठरलं. ती असतानाही वाद झाला की व्हिडिओवरचं चित्र तेच ठेवून प्रत्येक शीर्षक आठवडाभर लावायचो. समोर दिसल्यावर किती जणांनी दाबलं आणि उघडल्यावर सरासरी किती वेळ थांबले, दोन्ही बघायचो. आकडे उलटसुलट आले, तर थांबण्याला मान. ‘लोकं दारात येऊन माघारी गेली तर काय उपेग?’ असं ती म्हणायची.

भावाच्या शीर्षकावर लोकांनी जास्त दाबलं. पण थांबले माझ्या शीर्षकावर, जवळजवळ शेवटपर्यंत. मी जिंकले होते आणि मला तो आनंद लपवता येत नव्हता.

भाऊ मात्र लॅपटॉपसमोरून उठेना. प्रेक्षक कुठून आले ते बघत होता. ‘ताई, तुझ्या आठवड्यात मेसेजच्या लिंकवरनं लई बघितलंय. ती लिंक फकस्त बाबांना दिलीया.’

बाबा दिवसभर खोलीत फोन घेऊन बसायचे, ते हेच बघत. एवढ्याशा चॅनलची सरासरी त्यांनी एकट्यानं वर नेली होती. दाबण्याच्या आकड्यात ते नव्हतेच. तो फक्त समोर चित्र आलेल्यांचा असतो, थेट लिंकवरून येणारे त्यात धरत नाहीत. भावाच्या आठवड्यात त्या लिंकवरून एकदाच व्हिडिओ उघडला होता आणि लगेच बंद झाला होता. ‘शेवटचा’ हा शब्द त्यांनी वाचला असणार.

लिंकवरचं बघणं वगळलं, तर भावाचं शीर्षक दोन्हींत पुढं होतं. मला रडू फुटलं. तोही रडला, पण म्हणाला, ‘नियम तिचाच हाय की.’ चॅनलवर ‘शेवटचा’ हेच शीर्षक राहिलं.

बाबांसाठी त्यानं तोच व्हिडिओ माझ्या शीर्षकानं वेगळा चढवला. लिंक असेल त्यालाच दिसेल असा, आणि ती नवी लिंक फक्त बाबांना पाठवली. आमच्या मते सगळ्यांचं भागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले. फोनवर आई खर्डा ठेचत होती. व्हिडिओ किती वेळा बघितला गेला, त्या खालच्या आकड्यावर बाबांनी बोट ठेवलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

‘हितं तर माझ्याबिगर कोनच न्हाय. एवढ्यात इसरली व्हय गं लोकं तिला?’