खेपांच्या रकान्याचं कुलूप

जत तालुक्यात उन्हाळ्यात कुठल्या वस्तीला टँकरच्या किती खेपा जाणार, हे आमच्या कार्यालयातल्या एका एक्सेलच्या तक्त्यावर ठरायचं. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर. तक्ता मीच बनवलेला. ग्रामसेवकांनी माणसं आणि जनावरं भरायची, खेपांचा आकडा सूत्रानं आपोआप यायचा.

एका सकाळी मेंढपाळांच्या वस्तीवरची एक म्हातारी थेट माझ्या टेबलापाशी आली. "बाई, लांबच्या मुलखातनं मेंढरं चरून परत आली, तरी टँकर येकच कसा गं?"

मी तक्ता उघडला. जनावरं वाढवलेली होती, खेप मात्र एकच. त्या सेलवर क्लिक केलं तर सूत्रच गायब. कुणीतरी घाईत त्यावर नुसता १ हा आकडा टाईप केला होता. आता खाली मेंढरं कितीही भरा, आकडा हलणार कसा?

सूत्र परत घातलं, वस्तीची खेप वाढली. मग मी कुलूप लावायला बसले. एक्सेलमध्ये प्रत्येक सेलवर लॉकची खूण आधीपासूनच असते, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत तिचा काही उपयोग नसतो. म्हणून भरायच्या तेवढ्या सेलची खूण काढली, त्या पिवळ्या रंगवल्या आणि पासवर्ड घालून शीट प्रोटेक्ट केली.

एक वयस्कर ग्रामसेवक चिडले. "आवं, आमी काय चोर हाय का?"

"न्हाई भाऊ. पण बोट चुकलं की वस्ती तहानंल. पिवळ्यात काय बी भरा."

त्यांनी मुद्दाम खेपांवर टाईप करून पाहिलं. एक्सेलनं अडवलं. "लय कडक हाय की!" म्हणत ते हसले.

आमच्या कार्यालयाचे साहेब मात्र हसले नाहीत. "पासवर्ड सांग. एका गावाला दोन खेपा वाढवायच्यात. वरून फोन आहे."

"सूत्र मोडणार नाही, साहेब. जादा खेपांचा वेगळा रकाना करते. तो खुला राहील. शेजारच्या रकान्यात आदेश कुणाचा, ते लिहा. बेरीज आपोआप होईल."

"तू कंत्राटी आहेस, विसरू नकोस."

"विसरले नाही. म्हणूनच उघड सांगतेय."

असलं कुलूप फोडणारा फोडतो, हे मला माहीत होतं. पण फोडायचं तर त्यांनी स्वतः फोडावं. किल्ली माझ्या हातून जाणार नव्हती.

दोन्ही रकाने मी त्याच दुपारी केले. साहेबांनी त्यात काहीच लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर झाली. जाताना पासवर्ड मी पाकिटात घालून नव्या ऑपरेटर मुलीच्या हाती दिला आणि सगळ्यांसमोर तिची पोच घेतली.

"मागितला तर?" तिनं विचारलं.

"लेखी मागा म्हणायचं," मी म्हटलं. "आणि खाली बघून नाही, तोंडाकडं बघून म्हणायचं."