फारच सरळ फणी

त्याचं खरं नाव वीजबिलावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. गल्लीत सगळे त्याला गुण्याकाका म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. हा माणूस कुणाकडे बसायला गेला की चहा येण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून मोकळा. एकदा तर दवाखान्यात डॉक्टर छाती तपासत असताना म्हणाला, "तुमचं ते सर्टिफिकेट डावीकडे उतरलंय हो." डॉक्टर म्हणाले, "श्वास घ्या." हा म्हणाला, "घेतो, पण ते बघा."

गुण्याकाका लाकडी फण्या करायचा. वडीलही करायचे, त्यांचे वडीलही. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं बाकडं आणि भिंतीशी तिची, म्हणजे काकूची, बसायची जागा. करवत त्याच्याकडे, तेल तिच्याकडे. लग्न झाल्यापासून हीच वाटणी, आणि दोघांनाही ती कधी वाटणी वाटली नव्हती.

पण गावातल्या दुकानांनी हळूहळू लाकडी फण्या घेणं सोडलं. शेवटच्या दुकानदाराने तर फणी नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाला, "काका, वस्तू एक नंबर. पण घेणार कोण? लोकांना कंगवा हरवायला आवडतो. तुमची हरवली की वाईट वाटतं." एवढं गोड बोलून त्याने खोकं परत दिलं.

तेव्हा सून पुढे आली. मुलगा गोदामात कामाला, दिवसभर बाहेर. सून घरी, हातात फोन. तिने एक ऑनलाइन बाजार शोधून काढला. तिथे फक्त हातानं केलेल्या वस्तू विकायच्या आणि घेणारी माणसं समुद्रापलीकडची. आता फण्या विकायची हीच एक जागा उरली होती. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

"बाबा, नुसता फोटो चालत नाही," सून म्हणाली. "आपली गोष्ट लिहावी लागते. वस्तू कशी करता, कशाची करता, घरात कोण काय करतं. तुम्ही सांगा, मी लिहिते."

गुण्याकाका ताठ बसला, जणू फोटोच काढताहेत.

"लिही. लाकूड नासपतीचं. ओंडका चिरून फळ्या सावलीत रचायच्या, मध्ये काड्या घालून, म्हणजे वारा खेळतो. फळीच्या दोन्ही टोकांना मेण, नाहीतर ती तडकते. उन्हात घाईने सुकवली तर गेलीच. मग तुकडा असा कापायचा की लाकडाच्या रेषा दात्यांच्या लांबीतून गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या की दाता पहिल्याच गुंत्यात मोडतो."

"छान. पुढे?"

"पुढे रंध्याने दात्यांची बाजू पातळ करायची. मग करवत. आमची करवत दोन पात्यांची. दोन पात्यांमध्ये पत्र्याची पट्टी. एक पातं खाली आलेलं, ते दाता कापतं. दुसरं जरा वर, ते पुढच्या दात्याची नुसती खूण करून ठेवतं. मग खालचं पातं त्या खुणेत ठेवायचं, की परत पुढची खूण. म्हणून सगळे दाते सारखे. मग कानशीने एकेका दात्याला गोलाई, टोकं बोथट, म्हणजे डोक्याला टोचत नाहीत. मुळाशी चामड्याची पट्टी घालून घासायचं, तिथे कुसळ राहिलं तर केस अडकतो. नंतर तुझ्या सासूचं काम."

"आई, तुमचं सांगा."

काकू लाजली. "माझं काय? मी फणी ओली करते. लाकूड फुगतं, बारीक लव उभी राहते. वाळली की कागदाने घासायची. परत ओली, परत घासायची. लव उठायची थांबली की कोमट जवसाच्या तेलात बुडवून ठेवायची. मग पुसायची, पुसायची, पुसायची. हाताला तेल लागेनासं झालं की झाली."

सुनेने हे सगळं लिहिलं. मग बाजाराच्या सूचनांमध्ये पाहून शेवटी एक ओळ घातली: आमची प्रत्येक फणी वेगळी आहे, दोन फण्या कधीच सारख्या नसतात.

ती ऐकून गुण्याकाका उठूनच उभा राहिला. "काढ! ही शिवी आहे."

"बाबा, सगळे लिहितात."

"मग ते बिघडलेला माल विकतात. माझ्या वडिलांनी वेगळी झालेली फणी मोडून टाकली असती, आणि मग माझ्याशी बोलणं टाकलं असतं."

"लाकडाचा रंग वेगळा असतो की नाही प्रत्येकीचा?"

"रंग असतो."

"मग झालं तर," म्हणत सुनेने बटण दाबून टाकलं.

फण्या जायला लागल्या. काकू प्रत्येक पार्सलवर हात फिरवून ते कुरियरवाल्याला देई, पोरीला सासरी धाडावं तसं. मग पहिला अभिप्राय आला. सुनेने तो वाचला, आणि घेणाऱ्या बाईंच्या वतीने नाकही मुरडलं: "गोष्ट वाचून डोळे भरून आले होते. प्रत्यक्षात मात्र दाते इतके एकसारखे आहेत की ही कारखान्यातली वाटते. फसवणूक झाल्यासारखं वाटलं."

"कारखान्यातली?" गुण्याकाकाने विचारलं. "चांगलं म्हणतायत की वाईट?"

"वाईट, बाबा."

तसाच दुसरा आला, तिसरा आला. मग बाजाराच्या ऑफिसातून फोन. पलीकडच्या बाईंचा आवाज असा, की साखर विरघळायची वाट बघत थांबलाय. "नमस्कार सर! सर्वप्रथम आम्ही आपल्या कलेचा मनापासून आदर करतो. सर, आम्हाला काही चिंता प्राप्त झाल्या आहेत."

"कुणाला काय झालंय?" गुण्याकाका दचकला.

"चिंता, सर. आपलं उत्पादन यंत्रावर बनतं अशी. आपण कृपया कामाचा व्हिडिओ पाठवावा. तोवर आपलं दुकान निरीक्षणाखाली राहील. अजून एक चिंता आली, तर दुर्दैवाने आम्हाला ते बंद करावं लागेल. आपला दिवस सुंदर जावो, सर."

फोन ठेवून तो सुनेकडे वळला. "शेवटी काय जावो म्हणाली?"

व्हिडिओ केला. दोन पात्यांची करवत, खूण, काप, खूण, काप. ऑफिसचं उत्तर आलं: ती करवत मापाचं यंत्रच वाटते, कृपया साध्या करवतीने दाखवावं. त्याने एका पात्याची करवत घेतली, नुसत्या डोळ्याने अंतर धरलं आणि कापलं. दाते तरीही तंतोतंत सारखे आले. कसे नाही येणार? हात म्हातारा झाला होता, पण हात तोच होता. या वेळी सुनेने उत्तर वाचलं तेव्हा तिला नक्कल करावीशी वाटली नाही. त्यात लिहिलं होतं: व्हिडिओत हात दिसतात, पण मालात दिसत नाहीत.

त्याच आठवड्यात एक फणी द्यायची होती. गुण्याकाका लाकूड बघायला गावाबाहेर गेला होता. दोन पात्यांची करवत तो धार लावण्यासाठी खोलून ठेवून गेला होता. पाती एकीकडे, पट्टी दुसरीकडे. जाताना शेवटची तयार फणी त्याने उजेडाशी धरली, तर मधल्या दात्याला केसाएवढी चीर. ती त्याने बाद केली आणि संध्याकाळी आल्यावर नवी करतो म्हणाला. पण कुरियरवाला दुपारीच दारात. तो म्हणाला, "मावशी, आज नाही दिलंत तर ऑर्डर रद्द. मग माझ्याकडे नका बघू."

काकूने त्याला पाणी दिलं, बिस्किटं दिली, त्याच्या बायकोची चौकशी केली, आणि मधल्या वेळात एका पात्याच्या करवतीने आयुष्यातली पहिली फणी कापली. एक दाता जाड, शेजारचा बारीक. टोकाशी दोन दाते एकमेकांकडे झुकलेले, कानात काही सांगत असल्यासारखे. घासून, घाईने तेलाचा हात फिरवून तिने ती दिली.

संध्याकाळी कळल्यावर गुण्याकाका बाकड्यावर बसूनच राहिला. "अगं, ती माझ्या नावाने गेली."

"मग काय करायचं होतं? दुकान बंद पडू द्यायचं होतं?"

"तसली फणी केसात घातली तर केस उपटेल."

"मग लिहा त्यांना. माफी मागा."

माफीचा मजकूर तो पुढचे कित्येक दिवस मनात जुळवत राहिला, आणि एक दिवस त्या फणीचा अभिप्राय आला. फोटोसकट. फणी काळ्या चौकटीत भिंतीवर टांगलेली. "अखेर," सुनेने वाचलं, "अखेर एक अशी वस्तू, जिच्यात माणूस दिसतो! प्रत्येक दात्यात कारागिराचा श्वास आहे." खाली ऑफिसचं पत्र: चिंता मिटल्या, दुकानाला अस्सल हातकामाची खूण मिळाली. आणि त्याखाली आणखी मागण्या, सगळ्या अशाच फणीच्या.

"भिंतीवर?" गुण्याकाका म्हणाला. "फणी? भिंतीवर?"

मग त्याने स्वतः प्रयत्न केला. वाकडी कापायची ठरवून बसला. पण त्याचा वाकडेपणाही ठरावीक अंतराने यायचा: एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक, शिस्तीत. सून म्हणाली, "बाबा, ही नक्षी झाली." त्याने डोळे मिटून कापलं. पातं लाकडात अडकलं आणि दाता मुळातून गेला. तिसऱ्या वेळी करवत खाली ठेवताना त्याने ती बाकड्याच्या कडेला समांतर ठेवली, आणि ते लक्षात येताच खोलीबाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काकू खिडकीशी बसली आणि तो भिंतीशी. करवत तिच्याकडे, तेल त्याच्याकडे. ऑनलाइन दुकानाच्या पानावरचा फोटो त्याचाच राहिला, गोष्टही तीच राहिली, फक्त दोन पात्यांच्या करवतीची ओळ सुनेने काढून टाकली. फण्या जात राहिल्या. तो ओल्या करायचा, घासायचा, पुसायचा; प्रत्येक वाकडा दाता त्याच्या बोटांखालून जायचा. गल्लीतून जाताना आता तो मान वर करत नसे. एकदा शेजारच्यांकडे कॅलेंडर तिरकं होतं; त्याने पाहिलं आणि चहा पिऊन परत आला. शेजारीण काकूला म्हणाली, "काकांना बरं नाहीये का?"

काकू मात्र रमली होती. तोंडात पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायची, स्वतःशीच पुटपुटायची, "हां, इथं चुकतंय माझं." रेषा कुठे वळतात ते तिला कळायला लागलं. मनगट कधी ढिलं सोडायचं आणि कधी नाही, तेही.

एका सकाळी तिने नुकतीच कापलेली फणी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठ्याचं नख दात्यांवरून फिरवलं. नख कुठेच अडखळलं नाही.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "अहो, झालीय ना?"

दारातून सून म्हणाली, "आई, ही नको हं. ही परत मशीनची वाटतेय."

"तू थांब गं. मी यांना विचारतेय. अहो, चांगली झालीय ना?"

"झालीय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. पुढची करताना करवत जरा सैल धर."

"सैल म्हणजे किती?"

आयुष्यभर त्याला कुणी माप विचारलं आणि त्याच्याकडे नव्हतं, असं झालं नव्हतं. "ते मला नाही सांगता येत," तो म्हणाला.

 काकूने नवा तुकडा घेतला, रेषा पाहिल्या, शिकंज्यात आवळला आणि करवत चालवली. गुण्याकाका तेलाचा फडका हातात घेऊन ऐकत बसला. एक काप, दुसरा काप. तिसऱ्यालाच त्याला आवाजावरून कळलं, की हीसुद्धा सरळच येतेय. त्याने तिला न थांबवता फडका तेलात बुडवला.