चिमूटभर रंग

आमच्या कपड्यांच्या दुकानात तिला सगळे चिमूटताई म्हणायचे. रंगाला बिचकणारं गिऱ्हाईक आलं की तिचं पालुपद ठरलेलं, "चिमूटभर घ्या हो, जास्त नको." मी मागच्या खोलीत मशीनवर बसून पँट्स आखूड करते आणि दारातून सगळं बघते. विकणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. समोरच्याच्या भीतीची टिंगल न करता ती घालवणारी ही एकच.

गणिताच्या बाईंचंच बघा. शाळेत शिकवायच्या, कायम राखाडी नाहीतर बिस्किटी. पहिल्यांदा आल्या तेव्हा आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या. ताईने त्यांना कपडा दाखवलाच नाही, हातात लाल बॅग दिली. म्हणाली, "ही चेहऱ्यापासून लांब राहते. नकोशी वाटली की टेबलाखाली ठेवायची, झालं." बाईंनी ती वर्षभर वापरली. मग आला स्कार्फ, मोठ्या पानांचा, पण मागचा रंग बाईंच्या ओळखीचा राखाडी. "हा घालाल त्या दिवशी लाल बॅग घरी. एका वेळी एकानेच बोलायचं." तिसऱ्या वर्षी मोरपंखी पँट, एकरंगी. वर गडद निळा लांब कुर्ता, म्हणजे रंग गुडघ्याखालीच दिसणार. ती मीच दोन बोटं आखूड केली. बाई आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हसल्या. त्या दिवशी ताई आतल्या खोलीत येऊन डोळे पुसत होती. मी म्हटलं, "नोबेल मिळालं का गं?" मला तिचा हेवा वाटला होता, खरं सांगते.

मग नवे साहेब आले. त्यांनी केशरी फुलांचा माल आणला, एकेक फूल बशीएवढं. स्कार्फ, बॅग आणि पँट, तिन्ही एकाच छापाचे. तिन्ही एकत्रच विकायचे, सुटं द्यायचं नाही. महिन्यात जी जास्त सेट विकेल ती मजल्याची प्रमुख होणार. ताई अकरा वर्षं त्या जागेची वाट बघत होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी तिला मागे टाकून गेल्या होत्या.

महिना संपायला दोन दिवस उरले, ताईला एक सेट कमी पडत होता आणि नेमक्या गणिताच्या बाई दारात. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन त्यांच्याकडे आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मंचावर बोलणार होत्या.

"यातला स्कार्फ तेवढा देता?" बाईंनी केशरी सेटकडे बोट दाखवून विचारलं.

ताईने तिन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या. मग म्हणाली, "बाई, आता तुम्हाला चिमटीची गरज नाही. तिन्ही घाला."

"सगळं एकदम? जास्त नाही ना होणार?"

"मी सांगते ना."

बाईंनी लगेच पैसे मोजले. पँट माझ्याकडे आली. इतकी फुलं त्या बाईंना खाऊन टाकणार हे मला कळत होतं. नुसता स्कार्फ आणि राखाडी कुर्ता असता तर त्या छान दिसल्या असत्या. पण मी टाचण्या तोंडात धरून मुकाट्याने माप घेतलं. ताईची बढती माझ्यामुळे हुकायला नको, असं मनाला समजावलं. खरं तर भांडायचा कंटाळा केला.

चौथ्या दिवशी बाई आल्या त्या बिस्किटी कपड्यांत. हातात पिशवी. त्यांनी ती काउंटरवर ठेवली. सेट होता, मोरपंखी पँट होती, पानांचा स्कार्फ आणि लाल बॅगसुद्धा.

"मंचावर गेले आणि मागून कुणीतरी माझी फुलं बघून ओरडलं, पडदा उघडा. सगळं सभागृह हसलं, मुख्याध्यापकही. मला पुढची ओळच सुचेना. दुसऱ्या बाईंनी माईक घेतला."

ताईच्या छातीवर प्रमुखाचा बिल्ला होता. ती घाईने म्हणाली, "बाई, सेट परत घेते मी. पण बाकीचं तुमचंच आहे. ते तुम्हाला शोभतं, शपथेवर सांगते."

"तेव्हाही तुम्ही असंच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "आता मला काय शोभतं आणि तुम्हाला काय खपवायचं होतं, हे मी कसं ओळखू?"

त्या निघून गेल्या. ताईने पिशवी उचलली नाही. साहेबांनी हाक मारली तशी ती नव्या मुलींना सेट कसा विकायचा ते शिकवायला गेली.