रविराज कातकाडेचा स्टँपपेपर

रविराज कातकाडेने आपली आयडिया चोरीला जाऊ नये म्हणून स्टँपपेपर विकत घेतला, तेव्हा ती आयडिया नाशिकच्या अर्ध्या अंबड औद्योगिक वसाहतीला तोंडपाठ होती. गाळेवाल्यांना माहीत होती, टेम्पोवाल्यांना माहीत होती, कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या मोहिनीताईंना तर तिच्यातल्या खाचाखोचाही माहीत होत्या. रविराजनेच सांगितल्या होत्या, कटिंग पिता पिता, प्रत्येकाला "कुणाला बोलू नका हं" असं बजावून. पण माणसाला एकदा वाटलं ना की आपल्या डोक्यात सोन्याची खाण आहे, की मग तो टोपीलासुद्धा कुलूप लावतो.

आयडिया तशी वाईट नव्हती, हे आधी कबूल करायला हवं. अंबडला छोटे छोटे गाळे, एकेका गाळ्यात दोन-तीन मशीन. एकाकडे मशीन रिकामं पडलेलं असतं आणि रस्त्यापलीकडचा मशीन मोकळं नाही म्हणून हातातली ऑर्डर परत पाठवतो. रविराज पंधरा वर्षं एका कंपनीच्या खरेदी खात्यात होता, त्यामुळे गाळा न् गाळा त्याच्या ओळखीचा. गेल्या वर्षी नोकरी सोडून तो फोनवर हेच करत होता, इकडचं काम तिकडे, तिकडचं इकडे, मध्ये थोडं कमिशन. आता हेच सगळं एका ॲपवर आणायचं. कुणाचं मशीन कधी रिकामं आहे ते सगळ्यांना दिसेल, ज्याला हवं तो बुक करेल. झालं!

झालं कुठे? ॲप बनवणार कोण? रविराजला मोबाइलवर लोकेशन पाठवतानाही बायकोला विचारावं लागे. आणि त्या बायकोने, हर्षालीने, अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर ॲप बनवणारा जोडीदार मिळाला तर ठीक, नाहीतर सिन्नरला तिच्या भावाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं. मेव्हण्याच्या हाताखाली! ॲप बनवणारे दोन पोरगे आधीच नाही म्हणून गेले होते. त्यातल्या सुयशने तर "दादा, टक्के नको, पगार सांगा" असं म्हणून विषयच संपवला होता.

उरली एकच, दिशा बोरस्ते. पुण्याच्या कंपनीत दहा वर्षं सॉफ्टवेअर करून आता नाशिकला घरी बसून तेच काम करणारी. आणि मुख्य म्हणजे झुंबरशेठची मुलगी. झुंबरशेठचा अंबडला गाळा, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथ मशीनवर टर्निंगचं, म्हणजे लोखंडी भाग गोल कातून देण्याचं काम. म्हणजे मुलीला कोड कळतो आणि बापाचं मशीनही कळतं. अशी माणसं रोज भेटत नाहीत.

तर कॉलेज रोडच्या एका कॅफेत रविराज इस्त्रीचा शर्ट घालून बसला. समोर दिशा. त्याने आधी व्हिजिटिंग कार्ड दिलं, त्यावर 'संस्थापक आणि सीईओ'. मग स्टँपपेपर पुढे सरकवला.

"हे काय, दादा?"

"गुप्ततेचा करार, मॅडम. आधी सही, मग आयडिया."

दिशाने कागद न वाचताच परत सरकवला. "आयडिया ऐकायला मी सही करत नाही. कुणीच करत नाही. उद्या दुसऱ्या कुणी हेच सांगितलं तर मी काय कान झाकून बसू? आणि मला मॅडम नका म्हणू."

रविराजने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्याने इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, सगळं सांगितलं. दिशा मन लावून ऐकत होती.

"रिकाम्या मशीनचं ना?" ती म्हणाली. "मोहिनीमावशी सांगत होत्या. बरं, हे आता कुठवर आलंय?"

"नाव ठरलंय. लोगो झालाय."

"वापरतंय कोण?"

"अजून बनवलंच नाही ना, दिशाताई. सगळं इथे आहे," म्हणून त्याने कपाळावर बोट ठेवलं.

"म्हणजे फक्त आयडिया आहे. असू दे, सगळ्यांचं तिथूनच सुरू होतं. आणि मला काय देणार?"

या प्रश्नाची तयारी रविराजने महिनाभर केली होती. टक्क्यांच्या बाबतीत त्याचा एक जुना घाव होता. त्याच्या वडिलांची आणि चुलत्याची सिन्नरकडे एक विहीर होती, दोघांची निम्मी निम्मी. एकदा मोटर जळाली. हा म्हणे दुरुस्तीचे पैसे त्याने भरावे, तो म्हणे ह्याने. विहीर तुडुंब, आणि दोघांचेही कांदे उभ्याने वाळले. तेव्हापासून 'निम्मं' हा शब्द रविराज तोंडातूनही काढत नसे.

"दहा टक्के," तो राजासारखा म्हणाला.

"दहा टक्के कशाचे?"

"कंपनीचे."

"कंपनी कुठंय?"

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

"राहिलेले नव्वद?" दिशाने विचारलं.

"माझे. आयडिया माझी आहे ना."

दिशा चिडली नाही, हसली. तेच जास्त लागलं. "दादा, वाटा हे आयडियाचं बक्षीस नसतं. पुढची चार-पाच वर्षं जो राबणार, त्याला तो असतो. दहा टक्क्यांत मी नोकर होईन, जोडीदार नाही. आणि जे काही ठरेल ते एकदम कुणाच्याच हातात पडत नाही. चार वर्षांवर पसरून ठेवायचं. पहिल्या वर्षाच्या आत जो सोडून गेला, त्याला शून्य. वर्ष भरलं की चौथा हिस्सा त्याचा, मग दर महिन्याला थोडा थोडा."

"ठीकच आहे. तुम्ही मध्येच सोडलंत तर?"

"तुम्ही सोडलंत तरी."

"मी? माझीच आयडिया, आणि वाटा मीच कमवायचा?"

"तुमच्या विहिरीला हाच नियम असता, जो राबेल त्याचाच वाटा, तर मोटर कुणीतरी दुरुस्त केलीच असती." विहिरीची गोष्टही मोहिनीताईंकडून पोचली होती तर! "ते असू दे. टक्के आज नकोच. आधी एकमेकांबरोबर काम जमतं का बघू. माझ्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम करायला बंदी आहे का तेही मला वाचावं लागेल, त्याआधी मी एक ओळ लिहिणार नाही. आज फक्त एकच सांगा. माझ्याकडून पहिल्यांदा काय हवंय? एकच."

"ॲप," रविराज म्हणाला.

"ते एक नाही, ते दोन वर्षं आहेत."

रविराजने तयारी फक्त टक्क्यांची केली होती. तो चमच्याने कॉफीचा फेस ढवळायला लागला. सिन्नरच्या स्टोअरमधली खुर्ची त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

दिशालाच दया आली असावी. "चला, बाबांच्या गाळ्यावर जाऊ. तुमच्या ॲपचं पहिलं गिऱ्हाईक तेच. विचारून बघू, मशीन रिकामं असलं तर ॲपवर टाकतील का."

रविराजला तिथे जायचं नव्हतं. कारण झुंबरशेठचं मशीन दिवाळीपासून रिकामं होतं. मोठं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि हे झुंबरशेठने एकट्या रविराजला सांगितलं होतं, तेही गाळ्याचं शटर अर्धं ओढून. घरी कुणाला पत्ता नव्हता.

दोघे गाळ्यावर पोचले तर आत मशीन दणक्यात चालू! मशीनचं दार बंद, दिवा हिरवा, गरगर आवाज. झुंबरशेठ कपाळावरचा घाम पुसत पुढे आले.

"या या! आज कसं काय? लय गडबड हाय बघा."

"बाबा, तुमचं मशीन रिकामं असलं तर तुम्ही मोबाइलवर टाकाल? सगळ्यांना दिसेल असं?"

"रिकामं? आपलं?" झुंबरशेठ मोठ्याने हसले. "अगं, फुल लोड हाय! आणि रिकामं असलं तरी कोण येडा सांगेल? गिऱ्हाईक लगेच भाव पाडतंय, बँकवाला दारात येतोय, पोरीच्या सोयरिकीला लोक शंका काढतेत. मशीन रिकामं म्हणजे माणूस बुडाला. असलं कुणी बोंबलत नाय."

महिनोन्‌महिने गोंजारलेलं रविराजचं ॲप झुंबरशेठच्या दोन-चार वाक्यांत आडवं झालं होतं. सगळ्यांना दिसणारं ॲप, आणि दाखवायला कुणीच तयार नाही! आणि हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच? रोज शटरं अर्धी ओढून लोक त्याच्या कानात हेच तर सांगत होते.

दिशा मशीनच्या काचेपाशी गेली. आत चक, म्हणजे कातायचा तुकडा पकडणारा पंजा, नुसताच फिरत होता. त्यात तुकडाच नव्हता. वळून तिने रविराजला सरळ विचारलं, "दादा, तुम्हाला सगळ्या अंबडचं माहीत असतं. बाबांना खरंच लोड आहे?"

हीच ती वेळ होती. एक शब्द खरा बोलला असता तर आयडिया सिद्ध झाली असती. बघा, तुमच्या घरातच गरज आहे, आता तरी या सोबत. झुंबरशेठच्या हातातलं फडकं थांबलं होतं. आणि आयडियासाठी स्टँपपेपर घेऊन फिरणाऱ्या, स्वतःचं गुपित चहाबरोबर वाटणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्याचं गुपित मात्र गिळलं.

"फुल लोड आहे," रविराज म्हणाला. "मागच्या आठवड्यात मीच एक काम आणलं होतं, शेठ नाही म्हणाले."

झालं, गेलं सगळं, असं म्हणत तो बाहेर आला आणि मोहिनीताईंच्या टपरीवर बसला. दिशा मागोमाग आली. तिने मोहिनीताईंना दोन कटिंग सांगितले. तिचे डोळे ओले होते, पण आवाज कोरडा होता.

"लोक तुम्हाला का सांगतात, ते कळलं," ती म्हणाली. "तुमचं भांडवल आयडिया नाही, दादा. तुमचं पोट आहे. त्यात गेलेलं बाहेर येत नाही."

रविराजने मान खाली घातली. आणि मग, तयारी न करता, त्याच्या तोंडून पहिल्यांदा नीट मागणी बाहेर पडली. "दोन शनिवार माझ्याजवळ बसा. मला येणारे फोन, मेसेज, मी काय करतो ते बघा. नावं मी झाकून देईन, कुणाचं मशीन ते कुणालाच दिसणार नाही. आणि मग सांगा, यात सॉफ्टवेअरचं काम आहे का, असलं तर कुठं. नाही म्हणालात तरी चालेल. टक्के-बिक्के काही नको आत्ता."

"एवढंच?"

"एवढंच."

"येते." दिशाने हात पुढे केला. "तो स्टँपपेपर द्या."

"कशाला? आयडिया तर तुम्हाला..."

"आयडिया मरू दे. जी नावं माझ्यासमोर चुकून निघतील, ती माझ्या तोंडून बाहेर जाणार नाहीत, असं त्यावर लिहा. त्यावर मी सही करते."

पुढच्या शनिवारी दोघे रविराजच्या घराबाहेरच्या ओट्यावर बसले होते. हर्षाली दाराआडून अक्षय्य तृतीयेचे दिवस मोजत होती. सकाळीच देवळ्याच्या एका पाण्याचे पंप बनवणाऱ्याचं टर्निंगचं तातडीचं काम आलं होतं, आणि रविराजने ते कुठं पाठवलं हे दिशाने विचारलं नव्हतं. तिने कागदावर फक्त लिहिलं होतं, 'काम आलं, रिकामं मशीन मिळालं, नाव झाकलेलं.'

तेवढ्यात फोन वाजला. झुंबरशेठ. त्यांचा आवाज बिनस्पीकरचाही ओट्याच्या टोकापर्यंत ऐकू येई.

"रवी, काम चढवलं रे मशीनवर. देव तुझं भलं करो. पण आमच्या दिशाला कळू देऊ नको हं, की एवढे दिवस रिकामं होतं. पोरगी जिवाला लावून घेईल."

रविराजने घाबरून दिशाकडे बघितलं. तिने कानांना हेडफोन लावले होते आणि ती कागदावर काहीतरी लिहीत होती. हेडफोनची वायर तिच्या मांडीवर मोकळीच पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती.

"नाही सांगत, शेठ," रविराज म्हणाला. "तिला काहीच माहीत नाही."