साखर एकटी सोडायची नाही

आईने स्वयंपाकातलं एकच शास्त्र शिकवलं होतं: साखर एकटी सोडायची नाही. पाक चुलीवर असला की हात चालला पाहिजे. सेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी ते पाळलं, आणि चंदीगडला त्यानेच माझा घात केला.

नवरा हवाईदलात. त्याच्या सात बदल्या झाल्या आणि माझ्या सात नोकऱ्या सुटल्या. बदलीच्या आदेशात बायकोच्या नोकरीचा रकाना नसतो. आठव्या गावात मी ठरवलं, इथे काहीतरी मनासारखं करायचं. सेक्टर ३४ मध्ये क्लासच्या पोरांनी गजबजलेली एक बेकरी होती. तिथे केक करणारी बाई हवी होती. मालकीण साठीची पंजाबी बाई, आवाज परेड मैदानाचा. म्हणाली, "केक तो सब बना लेते हैं, बेटा जी. मुझे कैरेमल सॉस बनाके दिखाओ. चार बजे तक."

हात्तिच्या, साखरच तर वितळवायची!

साखरेत थोडं पाणी घालून पातेलं गॅसवर ठेवलं. पाक उकळला, कडेला दाणे चिकटले, आणि माझा हात आपोआप ढवळू लागला. बघता बघता कडेचे दाणे आत पडले आणि सगळा पाक पांढऱ्या वाळूसारखा झाला. मालकीण म्हणाली, "ये तो फिर से चीनी बन गई!" साखरेची साखर करायला मला वीस मिनिटं लागली होती.

दुसऱ्या वेळी तिने सांगितलं की साखर विरघळली की चमचा बाजूला, कडेचे दाणे ओल्या ब्रशने उतरवायचे आणि पातेलं नुसतं फिरवायचं. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. रंग छान आला. अजून थोडा येऊ दे म्हटलं, तोवर धूर निघाला. चाखलं तर कारलं बरं. गॅस बंद केला तरी तापलेल्या पातेल्यात साखर शिजतच राहते, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या वेळी रंग वेळेत धरला आणि आनंदाच्या भरात फ्रिजमधलं गार क्रीम भस्सकन ओतलं. पातेलं खवळलं, वाफेने चष्मा धुरकट झाला. चष्मा पुसून बघते तर पातेल्यात दगड. मालकिणीने त्यात रुतलेला तारांचा व्हिस्क उचलला, त्याच्याबरोबर पातेलंही उचललं गेलं. ती ते तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आलं. केक येत होते, बिस्किटं येत होती, आणि आठवी नोकरी मिळायच्या आधीच साखरेपायी जात होती.

साडेतीन वाजले होते. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नव्हता. मी माझी ओढणी काढली आणि तिला म्हटलं, "मेरा हाथ बाँध दीजिए." तिने माझा उजवा हात मागच्या फ्रिजच्या मुठीला बांधला. पंजाबी गाठ, हलेना.

या वेळी खोल पातेलं घेतलं, पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकले. शेजारच्या शेगडीवर क्रीम कोमट करायला ठेवलं. हात शिवशिवत होता, फ्रिज त्याला सोडत नव्हता. डाव्या हाताने पातेलं हलकेच फिरवत राहिले. कोऱ्या चहाचा रंग आला तसा गॅस बंद केला आणि क्रीमची बारीक धार सोडली. फेस वर आला. आता मात्र ढवळायलाच हवं होतं, आणि हात बांधलेला!

मी जोर लावला. फ्रिजचं दार उघडलं आणि हाताबरोबर पुढे आलं. उजव्या हातात व्हिस्क, डाव्या हाताने थोडं थोडं क्रीम. एक फेरा, की दार उघडं. एक फेरा, की दार बंद. फ्रिज टीं टीं ओरडत होता. मला न्यायला आलेला नवरा बेकरीच्या दारात गणवेशात उभा होता.

"तुला कुणी बांधलं?"

"मीच बांधून घेतलं. बोलू नकोस."

लोणी आणि मीठ घालून मी चमचा मालकिणीपुढे धरला. तिने सॉस जिभेवर घोळवला. एक कण लागला नाही, कडवट लागलं नाही. "कल से आ जाओ," ती म्हणाली. "चुन्नी साथ लाना."

परतताना गाडी सिग्नलला थांबली. नवरा हळूच म्हणाला, "दोन वर्षांनी बदली आली की?"

"तू जा. मी फ्रिजला बांधलेली आहे."

तो सिग्नल सुटेपर्यंत हसत होता. मी हसत नाही हे दिसलं, तेव्हा त्याचं हसू थांबलं.